४८ आणि ४१

लेस्टर, इंग्लंड,
१२ जानेवारी

प्रिय अमेय,
अनेक आशीर्वाद. ती. बाबांना आणि सौ. आईला माझा सा. नमस्कार सांग.

रविवारी फोनवर तू विचारलंस, "ताई, तिकडच्या ड्रायव्हिंगच्या थिअरीला पासिंग किती?" मी सांगायला तोंड उघडलं तोच मागून बाबांचा आवाज आला, "लेखीच आहे ना? रात्री पुस्तक वाचायचं, सकाळी देऊन यायची." मग आईने तिळगुळाचा विषय काढला आणि नेमका तुझा प्रश्न राहून गेला. फोनवर तो पुन्हा राहील, म्हणून लिहितेय. हे पत्र बाबांसमोर मोठ्याने वाच. त्यांचा उल्लेख यात बऱ्याचदा आहे आणि तो थोडा त्यांच्या विरोधात आहे.

तू एप्रिलमध्ये आलास की पहिले बारा महिने आपल्या एमएच-१५ च्या लायसन्सवर इथे गाडी चालवू शकशील. त्यानंतर नाही. तुझं काम पेशंटच्या घरी जाऊन फिजिओथेरपी देण्याचं, म्हणजे गाडी हवीच. तेव्हा आल्या आल्या प्रोव्हिजनल लायसन्स काढायचं आणि थिअरीची तारीख घ्यायची. फी २३ पौंड. ही परीक्षा पास झाल्याशिवाय रस्त्यावरच्या परीक्षेची तारीखच मिळत नाही.

आता पासिंग. तू एक आकडा विचारलास, पण इथे आकडे दोन आहेत, आणि सगळी गोम तिथेच आहे. एकाच बैठकीत, एकाच संगणकासमोर दोन भाग होतात. पहिल्या भागात ५० प्रश्न, त्यातले ४३ बरोबर यायला हवेत. दुसऱ्या भागाला हॅझार्ड परसेप्शन म्हणतात. त्यात रस्त्याचे छोटे व्हिडिओ दाखवतात आणि तो ७५ गुणांचा असतो. त्यात ४४ हवेत. दोन्ही भागांत वेगवेगळं पास व्हावं लागतं. एकात कमी पडले आणि दुसऱ्यात जास्त मिळाले, तर इकडचे तिकडे देता येत नाहीत.

हे मला माहीत नव्हतं असं नाही. माहीत होतं, पण मनावर घेतलं नव्हतं. पहिल्या वेळी मला ५० पैकी ४८ आले आणि ७५ पैकी ४१. बेरीज ८९. पास व्हायला लागणाऱ्या ४३ आणि ४४ ची बेरीज होते ८७. म्हणजे लागतात त्यापेक्षा दोन गुण जास्त मिळवून मी नापास झाले. काउंटरवरच्या बाईंनी कागद हातात दिला तेव्हा मी ४८ बघूनच हसले होते. खालची ओळ दाराबाहेर आल्यावर वाचली.

पहिल्या भागाबद्दल फार लिहीत नाही, कारण तिथे बाबांचं म्हणणं बरंचसं खरं आहे. वाचलं की येतं. वेळ ५७ मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला मिनिटाहून थोडा जास्त, आणि तो पुरून उरतो. प्रश्न इंग्रजीत, खाली पर्याय, बरोबर असेल त्यावर क्लिक करायचं. चुकलं तर गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. शंका असेल त्या प्रश्नावर खूण करून पुढे जाता येतं आणि शेवटी परत येता येतं. पन्नासातले तीन प्रश्न एका छोट्या, आवाज नसलेल्या व्हिडिओवर असतात. तो हवा तितक्या वेळा बघता येतो. त्याला घाबरू नकोस, आणि त्याचा दुसऱ्या भागातल्या व्हिडिओंशी घोळही घालू नकोस. हा पहिला व्हिडिओ फक्त बघून उत्तरं द्यायला असतो. पूर्वी इतर भाषांत प्रश्न ऐकायची सोय होती, ती २०१४ साली बंद केली. आता इंग्रजी किंवा वेल्श. वेल्श तुला येत नाही, म्हणजे प्रश्न मिटला.

फक्त आपल्या लर्निंगच्या परीक्षेच्या हिशेबाने जाऊ नकोस. तिथे १५ पैकी ९ आले की काम झालं, म्हणजे १०० पैकी ६०. इथे ५० पैकी ४३ म्हणजे १०० पैकी ८६. पन्नास प्रश्नांत सात चुका चालतात, आठवी चालत नाही. ही परीक्षा १९९६ साली सुरू झाली. नंतर बरीच वर्षं ३५ प्रश्न असायचे आणि ३० बरोबर लागायचे. २००७ साली प्रश्न ५० केले आणि पासिंग ४३. गुणाकार करून बघ, कसोटी होती तेवढीच राहिली, नुसते प्रश्न वाढले.

त्या सात चुका तुझ्या कुठे होतील हे मी आत्ताच सांगू शकते. जे तुला येत नाही तिथे होणार नाहीत, कारण ते तू वाचशील. जे तुला गाडी चालवून चालवून "येतं" तिथे होतील. उदाहरणार्थ, समोरच्याला हेडलाइट मारण्याचा अर्थ काय? आपल्या नाशिकच्या द्वारका चौकात त्याचा अर्थ "मी येतोय, बाजूला हो." इथले बरेच लोक एकमेकांना लाइट मारून "तू जा" म्हणतात. पण परीक्षेला या दोन्हींपैकी एकही उत्तर चालत नाही. इथला नियम म्हणतो, लाइट मारायचा तो फक्त "मी इथे आहे" एवढं कळवायला. हॉर्नचंही तसंच. वस्तीतून गाडी चालवताना रात्री ११:३० ते सकाळी ७ हॉर्न वाजवायचा नाही, आणि उभ्या गाडीत तर कधीच नाही, दुसऱ्या गाडीमुळे धोका होत असेल तर गोष्ट वेगळी. हे मी बाबांना वाचून दाखवलं होतं. ते म्हणाले, "मग गाडीला बसवतात कशाला?"

आणि ब्रेक लावल्यावर गाडी थांबायला लागणारं अंतर. ते तोंडपाठच कर, अंदाजाने काढू नकोस. ताशी ३० मैलांना २३ मीटर. आता ६० मैलांना किती? मन म्हणतं दुप्पट, म्हणजे ४६. खरं उत्तर ७३. कारण डोक्याला कळून पाय ब्रेकवर जाईपर्यंत जे अंतर जातं तेवढंच वेगाच्या दुपटीने दुप्पट होतं. ब्रेक लागल्यानंतरचं अंतर चौपट होतं. ३० मैलांना ९ मीटर विचाराचे आणि १४ ब्रेकचे. ६० ला १८ आणि ५५. बेरीज कर. वेग मैलांत आणि अंतर मीटरमध्ये, हा इथला घोळ आहे, त्याला इलाज नाही. ३० मैल म्हणजे आपले ताशी सुमारे ४८ किलोमीटर, एवढं लक्षात ठेव.

पहिला भाग संपला की तीन मिनिटांची सुट्टी घेता येते. घे. कारण पुढचा भाग पुस्तकाचा नाही.

हॅझार्ड परसेप्शनमध्ये १४ क्लिप असतात, प्रत्येकी साधारण मिनिटभराची. आपण गाडी चालवतोय आणि काचेतून रस्ता दिसतोय, असं चित्र. गाड्या इथेही डाव्या बाजूनेच चालतात, त्यामुळे डोळ्यांना परकं वाटत नाही. तुझ्या हातात फक्त माऊस. पडद्यावर पर्याय नाहीत, प्रश्न नाही. रस्त्यावर काहीतरी असं घडायला लागलं, की ज्यामुळे तुला वेग कमी करावा लागेल, थांबावं लागेल किंवा गाडी वळवावी लागेल, तर क्लिक करायचं. बस्स, एवढंच. अशा घटनेला ते डेव्हलपिंग हॅझार्ड म्हणतात. आपण घडता धोका म्हणू. १३ क्लिपमध्ये असा एकेक धोका असतो आणि एका क्लिपमध्ये दोन. म्हणून १४ क्लिप आणि १५ धोके. प्रत्येक धोक्याला जास्तीत जास्त ५ गुण, म्हणजे ७५. कुठल्या क्लिपमध्ये दोन आहेत हे सांगत नाहीत, त्यामुळे एक धोका दिसला म्हणून माऊस सोडून बसायचं नाही.

आता हे ५ गुण कसे मिळतात ते नीट बघ, कारण माझे ४१ याच्यामुळे झाले.

समजा क्लिप सुरू झाली. वस्तीतला रस्ता आहे. बावीसाव्या सेकंदाला लांबवर डाव्या हाताला थांब्यावर उभी असलेली बस दिसते. तू जवळ जात राहतोस. एकतिसाव्या सेकंदाला बसचा उजवा इंडिकेटर लुकलुकायला लागतो. चौतिसाव्याला तिची चाकं हलतात. छत्तिसाव्याला ती पूर्ण तुझ्या पुढ्यात आलेली असते. यात धोका कधी घडायला लागला? बस दिसली तेव्हा नाही. उभी बस हा संभाव्य धोका. तिच्यामुळे तुला अजून काहीच करावं लागलेलं नाही. इंडिकेटर लागला तेव्हा धोका घडायला लागला, कारण आता तुला पाय ब्रेककडे न्यावाच लागणार.

संगणकात त्या क्षणाला एक खिडकी उघडते असं समज. आपल्या उदाहरणात ती ३१ ते ३६ सेकंद उघडी आहे आणि तिचे पाच सारखे भाग केलेले आहेत. ३१ ते ३२ मध्ये क्लिक केलंस तर ५ गुण. पुढच्या सेकंदात ४, मग ३, मग २, आणि शेवटच्या सेकंदात १. ३६ नंतर केलंस तर शून्य, म्हणजे बस अंगावर आल्यावर तुला जाग आली. हे सगळ्यांना पटतं. पटत नाही ती दुसरी बाजू. ३१ च्या आधी केलंस तरी शून्य. बावीसाव्या सेकंदाला बस बघून हुशारीने क्लिक केलंस आणि मग हात आखडून बसलास, तर त्या धोक्याचा एकही गुण मिळत नाही. खऱ्या क्लिपमध्ये खिडकी किती लांब आहे हे दाखवत नाहीत, क्लिपागणिक ती वेगळी असते. पण घडण तीच.

मागच्या जूनमध्ये बाबा इथे होते तेव्हाची गोष्ट तुला मी पूर्ण सांगितलेली नाही. त्यांनीही सांगितली नसणार. मी तेव्हा नुकतीच नापास झाले होते आणि रोज रात्री लॅपटॉपवर सरावाच्या क्लिप सोडवत होते. बाबा बाजूला चहा घेऊन बसायचे. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "दे इकडे." एकतीस वर्षं एसटी चालवलेला माणूस, निम्मा काळ कसारा घाटात आणि निम्मा वणीच्या गडाच्या रस्त्याला. मी माऊस दिला. पहिल्या क्लिपमध्ये अशीच उभी बस होती. बस ठिपक्याएवढी असताना बाबांनी क्लिक केलं आणि माऊस टेबलावर ठेवला. मी म्हटलं, "बाबा, क्लिप चालू आहे अजून." म्हणाले, "ती बस निघणार. ड्रायव्हर आरशात बघतोय. आता काय बघायचं राहिलं?"

बस निघाली. बाबांना शून्य.

दुसऱ्या क्लिपमध्ये फुटपाथवर दोन पोरं चेंडू खेळत होती. बाबांनी पोरं दिसताक्षणी क्लिक केलं. चेंडू रस्त्यावर आला तो सात-आठ सेकंदांनी. पुन्हा शून्य. पाचव्या क्लिपपर्यंत त्यांच्या खात्यात ४ गुण होते आणि तेही एक सायकलवाला गल्लीतून अचानक आला म्हणून, कारण त्याला आधी ओळखायची संधीच नव्हती. बाबा चिडले. "मी आधी ओळखलं तर मला जास्त गुण पाहिजेत की कमी?" खरं सांगू, त्यांचं म्हणणं चूक नाही. रस्त्यावर तो माणूस कोणाच्याही आधी सुरक्षित. पण संगणकाला बाबांच्या मनातलं दिसत नाही. त्याला फक्त क्लिकची वेळ दिसते. बावीसाव्या सेकंदाला केलेलं क्लिक बस ओळखून केलं की माशी मारताना चुकून झालं, हे त्याला कसं कळणार? म्हणून धोका घडायला लागल्यानंतरचं क्लिकच तो मोजतो.

यावर उपाय सोपा आहे, आणि तो बाबांनीच शोधला असं म्हणायला हरकत नाही. खिडकीच्या बाहेर केलेल्या क्लिकचा गुण कापत नाहीत. खिडकीच्या आत दोनदा केलं तर जो वरचा गुण असेल तो धरतात. तेव्हा बस दिसली, संशय आला, एकदा क्लिक कर, काही बिघडत नाही. मग नजर तिच्यावरच ठेव. इंडिकेटर लागला की पुन्हा कर. बाबा याला म्हणाले, "म्हणजे एकदा हॉर्न द्यायचा, आणि तो खरंच निघाला की दुसरा." तेच. त्या पद्धतीने पुढच्या नऊ क्लिपमध्ये त्यांनी मला मागे टाकलं. आईला आकडा सांगितला नव्हता, कारण पहिल्या पाचांमुळे बेरीज तरीही ४४ च्या खाली राहिली होती.

पण हॉर्नची उपमा तिथेच सोड. कारण दुसरी चूक नेमकी हॉर्नसारखी आहे आणि ती माझी होती. रविवार कारंजावर रिक्षावाले जसे ठराविक तालात हॉर्न देत पुढे सरकतात, तसं दर दोन सेकंदांनी क्लिक करत राहिलं, तर एखादं खिडकीत पडेलच, असा विचार कोणाच्याही डोक्यात येतो. परीक्षा घेणाऱ्यांच्याही आला होता. सतत किंवा एका ठराविक तालात क्लिक केलंस तर संगणक ते ओळखतो आणि त्या संपूर्ण क्लिपला शून्य देतो. क्लिप संपल्यावर पडद्यावर सूचना येते, की तुमचा प्रतिसाद योग्य नव्हता आणि या क्लिपला शून्य मिळेल. मी जाणूनबुजून केलं नव्हतं. गर्दीचा बाजाररस्ता होता, जिकडेतिकडे माणसं, आणि घाबरून माझं बोट चालतच राहिलं. त्या सूचनेनंतर पुढच्या दोन क्लिप मी इतकी दबकून बसले की क्लिक करायला उशीरच झाला. एका चुकीचे गुण तीन ठिकाणी गेले. तुला ती सूचना आली तर ती क्लिप गेली असं समज आणि तिला विसर. मागे जाऊन क्लिप पुन्हा बघता येत नाही, सुधारता येत नाही. पहिल्या भागातली खूण करून परत येण्याची सोय इथे नाही.

आणखी एक फसवी गोष्ट. तू क्लिक केलंस की पडद्याच्या खाली लाल झेंडा उमटतो. तो झेंडा म्हणजे "बरोबर" नव्हे. तो फक्त "क्लिक पोचलं" एवढंच सांगतो. मला परीक्षेत प्रत्येक क्लिपखाली झेंडे दिसत होते आणि मी खूश होते.

आता ४४ म्हणजे नेमकं किती, ते पंधरा धोक्यांच्या हिशेबाने बघू. प्रत्येक धोक्याला सरसकट ३ मिळाले तर ४५ होतात, म्हणजे एका गुणाने पास. ऐकायला सोपं आहे. प्रत्येक वेळी पाचात यायची गरजच नाही, मधल्या सेकंदात क्लिक झालं तरी चालतं. घात करतात ती शून्यं. परीक्षेच्या कागदावर फक्त एकूण गुण येतात, कुठल्या क्लिपला किती हे कळत नाही. त्यामुळे माझे ४१ कसे झाले हे मला त्या कागदावरून कधीच कळलं नसतं. घरी सरावाच्या पूर्ण संचात ४० आले तेव्हा कळलं, कारण तिथे प्रत्येक क्लिपचा हिशेब दिसतो. तीन धोक्यांना ५ होते, चारांना ४, एकाला ३, तिघांना २. आणि चार शून्यं. म्हणजे अकरा धोक्यांत मी ४० गुण मिळवले होते, सरासरी साडेतीनच्या वर. माझी नजर मंद नव्हती. चार शून्यांपैकी तीन ठिकाणी मी लवकर क्लिक करून थांबले होते आणि एका ठिकाणी ती तालाची भानगड. त्यातल्या नुसत्या दोन शून्यांचे तीन-तीन झाले असते तर ४६.

म्हणून सराव करताना एकूण गुणांकडे बघू नकोस, शून्यं मोज. शून्य आलं की ती क्लिप परत लाव आणि खिडकी कधी उघडली ते बघ. सरावाच्या ऍपमध्ये ती रंगीत पट्टीने दाखवतात. तुझं क्लिक पट्टीच्या आधी पडलं असेल तर औषध वेगळं, नंतर पडलं असेल तर वेगळं. आधी पडत असेल तर दुसऱ्या क्लिकची सवय लाव. नंतर पडत असेल तर तू पुढच्या गाडीच्या ढुंगणाकडे बघत बसलायस. नजर लांब टाक, फुटपाथकडे, गल्लीच्या तोंडाकडे, उभ्या गाड्यांच्या चाकांकडे. नाशिकला नऊ वर्षं गाडी चालवलेला तू, तुझं क्लिक आधी पडणार यावर मी पैज लावायला तयार आहे. कॉलेज रोडला संध्याकाळी गाडी चालवणारा माणूस प्रत्येक स्कूटी निघणारच असं धरून चालतो, आणि ती निघतेच.

नापास झालास तर काय, तेही सांगून ठेवते. पुन्हा २३ पौंड, आणि मध्ये कामाचे किमान तीन दिवस जावे लागतात. पहिल्या भागात पास झाला असशील तरी तो भाग पुन्हा द्यावा लागतो. मला माझे ४८ जपून ठेवता आले नाहीत. दुसऱ्या वेळी तिथे ४६ आले आणि व्हिडिओत ५२. बेरीज करायची तर कर. पास झाल्यावर जो नंबर मिळतो तो दोन वर्षं चालतो. त्या दोन वर्षांत रस्त्यावरची परीक्षा पास झाली नाही, तर थिअरी परत पहिल्यापासून. परीक्षेला जाताना प्रोव्हिजनल लायसन्सचं कार्ड खिशात आहे ना ते दारातून निघताना बघ. ते नसेल तर बसू देत नाहीत आणि फीही परत मिळत नाही. माझ्या ओळखीची एक मुलगी बसमधून अर्ध्या वाटेत उतरून घरी पळाली होती.

पुस्तकं तिकडून काही आणू नकोस, इथे माझी आहेत. बॅगेत त्या जागी कोंडाजीचा चिवडा भर, आणि आईला म्हण गोडा मसाला वेगळ्या डब्यात दे, मागच्या वेळी सगळ्या कपड्यांना वास लागला होता.

एप्रिलपर्यंत तीन महिने आहेत. पहिल्या भागाचं हळूहळू वाचत राहा. दुसऱ्यासाठी आठवड्यातून दोनदा बाबांना शेजारी बसव. त्यांना धोका दिसला की ते तोंडाने "हां" म्हणतील. तेव्हा तुझं पहिलं क्लिक. त्यानंतर ते गप्प बसतात. दुसरं तुझं तुला करायचंय. दर रविवारी फोनवर मला दोन्ही आकडे वेगवेगळे सांग आणि तिसरा शून्यांचा. बेरीज सांगू नकोस.

तुझी,
ताई

ता. क. बाबा, पत्र इथपर्यंत ऐकलं असेल तर, त्या पाचव्या क्लिपमधला सायकलवाला मलाही दिसला नव्हता.